मदत हवी आहे: तिघांचं एकच तिकीट, दोघं आरएसी आणि मी वेटिंग १, स्क्रीन नक्की कशी वाचायची?

कुडाळची_लेक

नमस्कार, शुक्रवार रात्रीच्या कोकणकन्येचं सीएसएमटी ते कुडाळ स्लीपरचं तिकीट आहे, आई बाबा आणि मी, एकाच पीएनआरवर. दीड महिन्यापूर्वी काढलं तेव्हा वेटिंग ५८, ५९, ६० होतं, सगळे म्हणाले कोकणातल्या गाडीला एवढं होऊन जातं म्हणून काढून ठेवलं. आज मंगळवार, पीएनआर टाकला तर असं येतंय:

```
      Booking Status   Current Status
1     GNWL/58          RAC/61
2     GNWL/59          RAC/62
3     GNWL/60          WL/1
```

बाबा १, आई २ आणि मी ३. आता माझा गोंधळ असा की आरएसी ६१ म्हणजे अजून ६१ जण पुढे आहेत का, म्हणजे आम्ही ५८ वरून मागेच गेलो की काय? दुसरं म्हणजे बुकिंगच्या पानावर त्याच गाडीला `GNWL74/WL12` दाखवतंय आणि त्याखाली `CNF Probability` मध्ये ७१ टक्के, मग मी वेटिंग १ आहे की १२? वर एका दुसऱ्या ॲपवर तोच पीएनआर टाकला तर ९३ टक्के येतात. बाबा ६६ वर्षांचे आहेत, गुडघ्याचा त्रास आहे, रात्रभर बसून नेणं मला पटत नाही. शनिवारी गावी घरभरणी आहे त्यामुळे जायचंच आहे. कोणी नीट समजावून सांगेल का.

रोज_ठाणे_दादर

ताई काळजी करू नका, वेटिंग १ म्हणजे झालंच समजा. फक्त एक लक्षात ठेवा, चार्ट लागला आणि तुम्ही वेटिंगवरच राहिलात तर सगळा पीएनआर आपोआप कॅन्सल होतो, आरएसीवाल्यांचं पण जातं. चार्ट सुटायच्या चार तास आधी लागतो, तोपर्यंत बघत राहा.

मनमाडकर

आमचं मागच्या महिन्यात वेटिंग ४ होतं, फक्त ४, आणि नाही झालं! मागून काढलेल्या मित्राचं २० वरून झालं. त्या टक्केवारीवर विश्वासच ठेवू नका, सरळ बसचं बुकिंग करा.

खिडकी_नं_५

मी बुकिंग काउंटरवर बरीच वर्षं काढली आहेत, आता निवृत्त आहे. एकेक घेतो.

मनमाडकर, तुमचं ते वेटिंग ४ तत्काळचं होतं का? `TQWL` लिहिलेलं असेल तर ती रांग वेगळी. तत्काळचं वेटिंग आरएसीत जात नाही, झालं तर थेट कन्फर्म होतं, आणि चार्टच्या वेळी आधी साधी वेटिंग लिस्ट बघतात. तुमच्या मित्राचं `GNWL` असणार, म्हणून २० वालं झालं आणि ४ वालं राहिलं. दोन्ही आकड्यांची तुलनाच होत नाही. या ताईंच्या तिकिटावर `GNWL` आहे, म्हणजे सर्वसाधारण रांग, आणि हलायच्या दृष्टीने तीच सगळ्यांत बरी.

आता ताई तुमचं. मागे गेला नाहीत, ५९ घरं पुढे आला आहात. अशी कल्पना करा की एकच लांब रांग आहे. सगळ्यात पुढे बर्थ मिळालेले, त्यांच्या मागे आरएसी १ ते ६२ आणि त्यांच्या मागे वेटिंग १ पासून पुढे. तुमच्या गाडीला स्लीपरमध्ये आरएसी ६२ वर संपतंय हे तुमच्याच स्क्रीनवरून कळतं, कारण आई ६२ आणि लगेच तुम्ही वेटिंग १. पुढचा कुणीही गळला, मग तो बर्थवाला असो, आरएसीवाला असो की वेटिंगवाला, की मागचे सगळे एक घर सरकतात. बाबा वेटिंग ५८ वर होते, ५८ जण गळल्यावर ते आरएसी ६२ झाले, अजून एक गळला तेव्हा ६१. त्यांच्या पाठोपाठ आई ६२ आणि तुम्ही वेटिंगच्या पहिल्या घरात.

म्हणजे तुम्हाला आरएसी मिळायला आता फक्त एकजण गळायला हवा. पण बाबांना अख्खा बर्थ मिळायला अजून ६१ जण गळायला हवेत. दीड महिन्यात ५९ गळले, आता तीन दिवस राहिलेत. एवढे होतील असं मी सांगणार नाही.

कुडाळची_लेक

काका खूप आभार, पहिल्यांदा कळलं हे. म्हणजे वेटिंग १ ला मी घाबरत होते आणि खरी अडचण आरएसी ६१ ची आहे! पण मग ते `GNWL74/WL12` कुणाचं?

खिडकी_नं_५

ते तुमचं नाहीच. बुकिंगच्या पानावर जे दिसतं ते आत्ता या क्षणी कुणी नवीन तिकीट काढलं तर त्याला काय मिळेल ते. त्याचा रांगेत शिरतानाचा नंबर ७४, आणि शिरल्या शिरल्या तो वेटिंग १२ वर उभा राहील. पडताळून बघा, तुम्ही ६० नंबरचे आणि आज वेटिंग १. तुमच्या मागे ६१ ते ७३ असे तेराजण आले, ते सगळे टिकले असते तर ७४ वाला वेटिंग १५ वर गेला असता. तो १२ वर जातोय, म्हणजे तुमच्या मागच्यांपैकी तिघांनी रद्द केलं. त्याचा तुम्हाला फायदा नाही, पुढचे गळले तरच तुम्ही सरकता. आणि ते ७१ टक्केही त्या नव्या माणसाचेच, तुमचे नाहीत.

सिग्नल_हिरवा

टक्केवारीबद्दल थोडं बोलतो, मी हे आकडे बरेच दिवस टिपून ठेवतोय. रेल्वेच्या साइटवरची टक्केवारी २०१८ पासून आहे आणि ती मागच्या बुकिंगच्या आकड्यांवरून काढतात, म्हणजे आधी अशी तिकिटं किती वेळा पार झाली त्यावरून. ७१ चा अर्थ एवढाच की अशा दहा तिकिटांतली साधारण सात होतात आणि तीन राहतात, आणि आपण त्या तिनात आहोत का ते चार्ट लागल्यावरच कळतं. दुसऱ्या ॲपवाल्याची पद्धत वेगळी, आकडेही वेगळे, म्हणून ९३. माझा संशय असा की काही ॲप आरएसी मिळालं तरी झालं असं धरतात, म्हणून त्यांचा आकडा मोठा दिसतो.

रोज_ठाणे_दादर

नाही हो, मी वापरतो त्या ॲपमध्ये कन्फर्म म्हणजे बर्थच धरतात असं मला वाटतं. माझं ९० च्या वर होतं तेव्हा बर्थच मिळाला.

सिग्नल_हिरवा

एका तिकिटावरून कसं ठरवणार, नव्वदला दोन्ही प्रकारे बर्थ मिळू शकतो. ॲपवाले कुठे लिहीत नाहीत तोवर हे उघडंच राहणार. ताईंनी मात्र ९३ वाचून बाबांना झोपायला मिळेल असं धरू नये एवढंच म्हणणं.

खिडकी_नं_५

बरोबर. आता रोज ठाणे दादर यांचं, तुमचं अर्धं बरोबर आहे. पीएनआरवरचे सगळेच्या सगळे वेटिंगवर राहिले तर ऑनलाइन तिकीट आपोआप रद्द होतं आणि माणशी ६० रुपये कापून बाकी परत येतात, एसीला वर जीएसटी. पण एकाला जरी बर्थ किंवा आरएसी मिळालं असेल तर तिकीट रद्द होत नाही, तिघांची नावं चार्टवर येतात. आणि चार्टची चार तासांची गोष्ट जुनी झाली, २०२५ च्या जुलैपासून पहिला चार्ट आठ तास आधी लागू लागला आणि डिसेंबरपासून तुमच्यासारख्या रात्रीच्या गाडीचा निदान दहा तास आधी लागतो, म्हणजे दिवसाच कळतो. ताईंना त्याचा उपयोग आहे, नाही जमलं तर दुसरी सोय बघायला वेळ मिळतो.

चार्टच्या वेळी मोठी हालचाल होते हेही सांगायला हवं. राखीव कोट्यांमधले जे बर्थ कुणी वापरले नाहीत ते त्या क्षणी आरएसी आणि वेटिंगवाल्यांना सोडतात. म्हणून शेवटच्या दिवशी एकदम वीस तीस घरं उडी मारलेली दिसते, आणि कधी पाचही सरकत नाही.

मालवणी_वहिनी

आरएसी म्हणजे नक्की काय मिळतं ते पण सांगा ना, माझ्या सासूबाईंना वाटायचं उभं राहून जायचं.

खिडकी_नं_५

नाही वहिनी, बसायला पक्की जागा असते. साइड लोअर बर्थ दोघांत मिळून देतात, पैसे मात्र पूर्ण बर्थचे. स्लीपरमध्ये ७, १५, २३, ३१ असे आठ आठच्या अंतरावरचे साइड लोअर. आई बाबांचे नंबर लागोपाठ आहेत त्यामुळे बहुतेक वेळा एकाच बर्थवर येतात, तरी तशी हमी नाही. एकाच बर्थवर आले तर आळीपाळीने आडवं होता येतं, अनोळखी माणसाबरोबर तसं सांगता येत नाही. शिवाय कुणी गाडीत चढलंच नाही तर टीसी तो बर्थ आरएसीच्या क्रमाने देतो, त्याला स्वतः जाऊन सांगून ठेवायचं.

सिग्नल_हिरवा

पुढच्या वेळी बाबा असतील तर एसी आणि स्लीपर दोन्हींची वेटिंग आधी बघा, आणि दीडच महिना कशाला, आता ६० दिवस आधी बुकिंग उघडतं, त्या सकाळी काढा. यावेळेस शुक्रवारी चार्ट बघा. तिघांचं मिळून रद्द करायचं ठरलं तर यात आरएसी आणि वेटिंग असल्याने गाडी सुटायच्या अर्धा तास आधीपर्यंत कपात थोडी असते, पण एकट्याचं नाव काढू नका घाईघाईने.

कुडाळची_लेक

अपडेट देते. बुधवारी मी आरएसी ५९ झाले, म्हणजे तिघंही आरएसीत. शुक्रवारी सकाळी ४४, ४५, ४६ आणि चार्ट लागल्यावर बाबा २३, आई २४ आणि मी २५. कन्फर्म कुणीच नाही. आई बाबा दोघांना S6 चा ३९ नंबर एकत्र, मला S9 मध्ये १५ एका कॉलेजच्या मुलीबरोबर. बाबांना झोपवलं आणि आई पायाशी बसली, ठाण्याला टीसी आल्यावर मी सांगून ठेवलं होतं. पनवेलला माझ्या डब्यातला एक बर्थ रिकामा राहिला, पण आमच्या आधीच्या नंबराला गेला, ते बरोबरच होतं. रत्नागिरीच्या पुढे आईला एक बर्थ मिळाला, पहाटे साडेपाचच्या सुमाराला.

परतीचं तिकीट `PQWL/9` आहे, काका त्याचं काय?

खिडकी_नं_५

ती रांग छोटी आणि हलते कमी. कुडाळहून कुठपर्यंतचं आहे ते आणि किती तारखेचं ते लिहा, म्हणजे सांगतो.