सोसायटी ग्रुप: भीमसाठी गाडी घ्यायची आहे

मृणाल (३०२): नमस्कार मंडळी. सेडान विकून दुसरी गाडी घेतोय, तुमचा सल्ला हवा. आमचा लॅब्राडोर कुत्रा भीम आता नऊ वर्षांचा झाला, वजन ३६ किलो. मागच्या पायांत जोर राहिला नाही. महूच्या पशुवैद्यकीय कॉलेजात एक्स-रे काढला, खुब्याचे सांधे झिजलेत. मागच्या सीटवर चढवायचं म्हणजे दोघांनी मिळून उचलायचं. उन्हाळ्यात आणि दिवाळीला आम्ही नाशिकला जातो, त्याला मागे ठेवून जाणं होत नाही. बजेट बारा लाखांपर्यंत. शोरूमवाले डिकी किती लिटरची तेवढंच सांगतात. त्यावरून काय समजायचं?

अमेय: ताई, बोलेरोसारखी दणकट गाडी घ्या. मागचं दार मोठं, आत उभं राहायला जागा. भीमला मोकळं वाटेल.

प्रसाद काका: मृणाल, लिटरवरून बॅगा किती मावतील ते कळतं. कुत्रा आत कसा चढेल ते त्यात नसतं. तू इंचटेप घेऊन जा आणि पहिलं माप घे ते जमिनीपासून डिकीच्या उंबऱ्यापर्यंतचं, म्हणजे मागचं दार उघडल्यावर रबराची पट्टी दिसते तिथपर्यंत. गाडी रिकामी आणि सपाट जागेवर हवी. अमेय, तू खाली पार्किंगमध्ये आहेस ना? तुझ्या एसयूव्हीचं आत्ताच मोजून सांग.

अमेय: ८१ सेंटिमीटर, काका.

प्रसाद काका: बघ. लॅब्राडोर खांद्याशी साधारण ५७ ते ६२ सेंटिमीटर असतो. म्हणजे भीमला स्वतःच्या खांद्याहून वर उडी मारावी लागणार. शिडीसारख्या चौकटीवर बसवलेल्या गाड्यांची जमीन उंचच असते, कारण खाली चौकट, मागचा अ‍ॅक्सल आणि डिफरन्शियल येतात. मी पीथमपूरला बॉडी शॉपमध्ये आयुष्य काढलंय, ही उंची नंतर कुठल्याही अ‍ॅक्सेसरीने कमी होत नाही. बोलेरो, थार दणकट आहेत यात वाद नाही, पण म्हाताऱ्या कुत्र्यासाठी मी त्या सुचवणार नाही.

डॉ. स्वाती (१०४): काकांचं बरोबर आहे. मृणाल, चढण्याइतकीच उतरण्याचीही काळजी घे. कुत्रा खाली उडी मारतो तेव्हा सगळं वजन पुढच्या पायांवर आदळतं. मागचे पाय दुखत असल्यामुळे भीम आधीच पुढच्यांवर जास्त भार टाकत असणार, म्हणजे कोपर आणि खांदे पण जातील. त्याला उडी मारूच देऊ नकोस. रॅम्प घे.

मृणाल (३०२): रॅम्प ऑनलाइन पाहिलेत, पाच फुटी आणि सहा फुटी. कुठला घेऊ?

प्रसाद काका: आधी गाडी ठरू दे, रॅम्प तिच्या मापाने. माझा हिशोब साधा आहे, रॅम्पची लांबी उंबऱ्याच्या उंचीच्या तिप्पट. म्हणजे उतार वीस अंशांच्या आसपास येतो आणि दुखऱ्या पायांचा कुत्रा न बिचकता चालतो. अमेयच्या ८१ ला तिप्पट केलं तर २४३, आठ फूट रॅम्प झाला. तो गाडीत मावणार नाही आणि आपल्या स्टिल्ट पार्किंगमध्ये गाडीमागे तेवढी जागाही नाही. उंबरा ६२ असेल तर १८६, म्हणजे सहा फुटी रॅम्पवर काम भागतं. दुमडला की तीन फूट, कुत्र्याच्या बाजूला उभा राहतो.

सुलभा काकू: आणि मागचं दार कसं उघडतं ते पण बघ ग. आमच्या जुन्या गाडीचं कपाटासारखं बाजूला उघडायचं. मागे दुसरी गाडी लागली की अर्धंच उघडायचं.

प्रसाद काका: सुलभाताई, अगदी मुद्द्याचं. बाजूला उघडणारं दार रॅम्पच्या एका कडेला आडवं येतं आणि उतारावर उभी गाडी असेल तर आपोआप मिटायला बघतं. वर उचलणारं दार बरं, पावसात आणि उन्हात डोक्यावर छत्र राहतं. फक्त पूर्ण उघडल्यावर ते आपल्या पार्किंगच्या बीमला लागत नाही ना, ते पाहायचं. दुसरं माप तिथेच घे, उंबऱ्यापासून दाराच्या वरच्या चौकटीपर्यंत. काही गाड्यांत आत उंची भरपूर, पण मागची काच तिरकी असल्याने तोंड बुटकं असतं. कुत्र्याला मान खाली घालून शिरावं लागतं, मग तो रॅम्पच्या टोकाशी अडून बसतो.

अमेय: मग एमपीव्ही? अर्टिगा किंवा ट्रायबर. दोन्ही कारसारख्या बांधणीच्या आहेत, खाली वेगळी चौकट नाही. अर्टिगाची तिसरी रांग झोपते, ट्रायबरच्या तिसऱ्या रांगेच्या सीट पूर्ण काढून घरी ठेवता येतात.

प्रसाद काका: शाब्बास. मृणाल, तू याच दोन प्रकारच्या गाड्या बघ, झोपणारी रांग आणि काढता येणारी रांग. आणि सीएनजीचा मोह असेल तर आधी टाकी कुठे आहे ते विचार. डिकीत टाकी म्हणजे भीमची जागा गेली. काही गाड्यांत दोन छोट्या टाक्या डिकीच्या जमिनीखाली बसवतात, तिथे जागा वाचते, पण आतली जमीन किती वर आली तेही मोजायचं.

*(दुसऱ्या दिवशी संध्याकाळी)*

मृणाल (३०२): काका, दोन गाड्या मोजल्या. पहिल्या गाडीत तिसरी रांग झोपवून उंबरा ६८, पण झोपलेल्या सीटची पाठ आणि डिकीची जमीन यांच्यात चार बोटं फट राहते. दुसरीत रांग काढून टाकली, उंबरा ६३, आत जमीन साधारण सलग, पण उंबऱ्यापेक्षा ११ सेंटिमीटर खोल. दाराचं तोंड दोन्हीकडे ७५ च्या वर. भीमला बरोबर नेलं होतं, शोरूमवाल्यांनी परवानगी दिली. पहिल्या गाडीत त्याचा पाय त्या फटीत गेला आणि मग तो हललाच नाही. दुसरीत बसला, पण उतरताना उंबऱ्याला पाय अडखळला.

डॉ. स्वाती (१०४): फटीत नख अडकून उपटतं, पाय मुरगळतो. ती गाडी मला नको वाटते.

प्रसाद काका: फट प्लाय टाकून झाकता येते, पण मुळात ६८ ला रॅम्प सात फुटांच्या जवळ जातो. दुसरी घे. तिच्या ११ सेंटिमीटरच्या खड्ड्यावर इलाज सोपा आहे. १२ मिलिमीटरचा मरीन प्लाय डिकीच्या आकाराचा कापून घे, खाली लाकडी ठोकळे दे, म्हणजे जमीन उंबऱ्याच्या बरोबरीने येईल. भीम रॅम्पवरून सरळ आत चालत जाईल. खालच्या पोकळीत त्याचं पाण्याचं भांडं, टॉवेल ठेव. ठोकळे जमिनीला आणि प्लायला पक्के बसव, ब्रेक मारल्यावर फळी पुढे सरकता कामा नये. आणि डिकी व सीट यांच्यामध्ये लोखंडी जाळी हवी, नाहीतर जोराचा ब्रेक लागला की ३६ किलोचा भीम पुढे फेकला जाईल.

सुलभा काकू: प्लायवर काय घालणार? म्हातारा कुत्रा, रस्त्यात कधी तरी मुतणारच बिचारा.

मृणाल (३०२): तीच भीती आहे काकू. दोन्ही गाड्यांत डिकीत तो केसाळ नमदा चिकटवलेला आहे.

सुलभा काकू: आमच्या राणीच्या वेळचं सांगते. नमदा वरून कितीही पुसला तरी मूत्र खाली झिरपतं आणि मे महिन्यात गाडी तापली की वास उठतो. प्लायच्या सगळ्या कडांना रंग किंवा वॉटरप्रूफ लेप दे, कापलेली कडच आधी पाणी पिते. वर काठ उचललेला रबराचा मॅट, बारीक रेघांचा. गुळगुळीत रेक्झिन घालू नकोस, वळणावर कुत्रा घसरतो, मग सारखा पाय रोवून उभा राहतो, झोपत नाही. मॅट एका माणसाला उचलून बाहेर नळाखाली धुता आला पाहिजे. लॅबचे केस नमद्यात सुईसारखे रुततात, रबरावरून ओल्या हातमोज्याने निघतात.

डॉ. स्वाती (१०४): धुताना ब्लीच वापरायचं नाही. मूत्रातल्या अमोनियाशी मिळून त्याचा विषारी वायू होतो आणि बंद गाडीत तो कोंडतो. कडक फिनाईलही नको, भीम पाय चाटतो. आधी कोरड्या कापडाने टिपून घ्यायचं, मग एन्झाइमवालं क्लीनर टाकून बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ राहू द्यायचं.

प्रसाद काका: डिकीच्या जमिनीखाली स्टेपनीचा खड्डा असेल तर महिन्यातून एकदा तिथे हात घालून बघ. पाणी साचलं तर पत्रा तिथूनच गंजतो.

मृणाल (३०२): आता शेवटचं आणि मला सगळ्यात घाबरवणारं. नाशिकच्या वाटेवर सेंधव्याच्या पुढे मे महिन्यात काय ऊन असतं ते सगळ्यांना माहीत आहे. एसीची हवा मागे पोचते का?

प्रसाद काका: व्हेंट मागे आहेत म्हणून समाधान मानू नकोस, मोजून बघ. टेस्ट ड्राइव्ह दुपारी दोन वाजता माग. स्वस्तातला डिजिटल थर्मामीटर भीम झोपेल तिथे, जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेव आणि वीस मिनिटं चालव. पुढे गारेगार आणि मागे ३० च्या वर असेल तर ती गाडी भीमची नाही. थर्मामीटरवर थेट ऊन पडू देऊ नकोस, नाहीतर आकडा खोटा येईल.

दुसरं, आतलीच हवा फिरवायचं बटण. ते चालू असलं की ब्लोअर पुढच्या भागातली हवा ओढतो आणि डिकीत हवा कोंदट राहते. बाहेरची हवा घेतली की ती पुढून मागे वाहत जाते आणि डिकीच्या बाजूच्या आवरणामागे असलेल्या झडपांतून बाहेर पडते. त्या झडपांच्या जाळ्या शोधून ठेव, तिथे बॅग किंवा मॅट टेकू देऊ नकोस. भर उन्हात गारवा यायला आतली हवा फिरवावी लागते, पण मधून मधून बाहेरची घे. आणि हवेसाठी म्हणून मागचं दार थोडं उघडं ठेवून कधीही चालवू नका, एक्झॉस्टचा धूर आत ओढला जातो.

डॉ. स्वाती (१०४): कुत्रा धापा टाकून अंग थंड ठेवतो. हवा दमट आणि कोंदट असली की धापा टाकूनही उपयोग होत नाही. त्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ असतं, ४१ च्या वर गेलं की जीवाला धोका. धापा थांबत नसतील, जीभ गडद लाल झाली, लाळ चिकट झाली, चाल डळमळली, तर त्याच क्षणी सावलीत थांबा, साधं पाणी अंगावर ओता, वारा घाला आणि जवळच्या डॉक्टरकडे न्या. बर्फ नको.

अमेय: ढाब्यावर थांबलो तर काच थोडी खाली ठेवून चालेल ना?

डॉ. स्वाती (१०४): नाही रे. उन्हात उभी बंद गाडी दहा मिनिटांत दहाएक अंशांनी तापते, अर्ध्या तासात वीस. काच फटभर उघडल्याने फारसा फरक पडत नाही. एसी चालू ठेवून सोडणंही नको, इंजिन बंद पडलं तर कळणार कुणाला? एकजण त्याच्यापाशी सावलीत बसतो, दुसरा जेवून येतो.

सुलभा काकू: आणि रॅम्प उन्हात पडला असेल तर आधी त्यावर तळहात टेकून बघ. काळं रबर पंजे भाजतं.

मृणाल (३०२): सगळं लिहून घेतलं. दुसऱ्या गाडीचा दुपारचा टेस्ट ड्राइव्ह शनिवारी दोनला मागितलाय, थर्मामीटर आजच आणते. मागे ३० च्या आत राहिलं तर तिथेच बुकिंग.

प्रसाद काका: मी येतो. डिकीची लांबी-रुंदी तिथेच उतरवून घेऊ, प्लाय सियागंजमधून मापात कापून आणू. रॅम्प गाडी आल्याशिवाय मागवू नकोस.