प्रतिसाद: तिसऱ्यांदा मीटिंग पुढे ढकलू का?

> सिनियरसोबतचा रिव्ह्यू दोनदा पुढे ढकललाय, आता तिसऱ्यांदा विचारलं तर चालेल का?

कितव्यांदा ढकलतोयस त्यापेक्षा किती आधी कळवतोयस ते बघ. माझं असंच झालेलं, पहिल्यांदा दोन दिवस आधी सांगितलं, सोबत दुसरी वेळही दिली, मॅडमना काहीच वाटलं नाही. दुसऱ्यांदा मात्र वीस मिनिटं आधी, तोवर त्यांनी माझं डॉक्युमेंट वाचून काढलेलं आणि त्यासाठी दुसरा कॉल हलवलेला (हे मला नंतर कळलं!). मग उत्तरं नुसती ‘ओके’ यायला लागली आणि मॅडम माझ्या कामाचं स्टेटस टीममधल्या दुसऱ्याला विचारायला लागल्या. तिसऱ्यांदा मी ढकललंच नाही, अर्धवट आकडे घेऊन पंधरा मिनिटं बसलो, काय अडलंय ते सरळ सांगितलं. तूही तेच कर.