८०टीटीबी गळली आणि १८,७२० रुपयांची मागणी आली

कुलकर्णीकाका, बी-४०२: नमस्कार मंडळी. २०२५-२६ या कर निर्धारण वर्षाच्या रिटर्नवर आयकर खात्याची १४३(१)ची सूचना मेलवर आली आहे, १२ जानेवारीची. १८,७२० रुपये भरा म्हणतात. मी तर शून्य कर दाखवला होता. मंदार, जरा बघतोस का?

शिंदेवहिनी, सी-१०४: काका, भरून मोकळे व्हा. नाहीतर व्याज लावतात.

मंदार (सीए), ए-७०३: वहिनी, इतक्यात नको. काका, पीडीएफ उघडली का? पासवर्ड म्हणजे पॅन लहान अक्षरांत आणि त्याला लागूनच जन्मतारीख. आत दोन रकाने आहेत, एक तुम्ही भरलेल्या आकड्यांचा, दुसरा त्यांनी काढलेल्या. शेवटची रक्कम सोडा, वरून एकेक ओळ बघत या आणि पहिला फरक कुठे पडतो ते सांगा.

कुलकर्णीकाका: एकूण उत्पन्न ७,४०,००० दोन्हीकडे सारखं. वजावटींत ८०सी दीड लाख आणि ८०डी पन्नास हजार, तेही जुळतंय. ८०टीटीबीत, म्हणजे ज्येष्ठांच्या ठेवींच्या व्याजावरच्या वजावटीत, माझे ५०,०००, त्यांच्याकडे शून्य! पण पन्नास हजारांवर अठरा हजार कर कसा रे? वीस टक्के धरले तरी दहाच होतात.

मंदार: बरोबर पकडलंत. तुमचं करपात्र उत्पन्न ४,९०,००० होतं. जुन्या पद्धतीत पाच लाखांपर्यंत ८७एची सूट मिळते, म्हणून कर शून्य. वजावट गेल्यावर ते ५,४०,००० झालं आणि पाच लाख ओलांडले की ती सूट थोडीथोडकी नाही, सगळीच जाते. मग ज्येष्ठांचे पहिले तीन लाख सोडून पुढच्या दोन लाखांवर ५ टक्के म्हणजे १०,०००, वरच्या ४०,०००वर २० टक्के म्हणजे ८,००० आणि ४ टक्के उपकराचे ७२०.

कुलकर्णीकाका: हात्तिच्या! हिशोब त्यांचा बरोबर, सुरुवातच चुकली म्हणायची.

मंदार: एफडीचं व्याज रिटर्नमध्ये कुठे दाखवलंय? आणि जन्मतारीख नीट आहे ना?

कुलकर्णीकाका: अडीच लाख, ठेवींच्या व्याजाच्याच ओळीत. वय ६८, तारीख बरोबर आहे.

मंदार: मग तुमच्या रिटर्नला हात लावायचा नाही. कलम १५४खाली दुरुस्तीचा अर्ज करा. पोर्टलवर Services → Rectification, वर्ष निवडा आणि Reprocess the return घ्या. तुम्ही भरलेलं रिटर्नच परत तपासलं जातं. शेवटी ई-व्हेरिफाय मागितलं तर तेही करा. व्याज भलत्याच ओळीत पडलं असतं तर Return data correction घेऊन माहिती दुरुस्त करावी लागली असती. लोक घाईत हाच पर्याय निवडतात आणि चांगल्या रिटर्नमध्ये नवा घोळ घालून बसतात.

शिंदेवहिनी: अय्या, मग आमचंही होईल. ह्यांच्या मेडिक्लेमचा हप्ता ८०डीत टाकायचाच राहिला होता.

मंदार: नाही वहिनी. १५४मध्ये कागदावर उघड दिसणारी चूकच दुरुस्त होते. काकांनी वजावट मागितली होती, ती सुटली. तुम्ही मागितलीच नाही, तर चुकलं काय? त्यासाठी सुधारित रिटर्न असतं आणि या वर्षासाठी ती मुदत ३१ डिसेंबरला संपली.

शिंदेवहिनी: 😔 ह्यांना सांगते.

कुलकर्णीकाका: अर्ज केला की मागणी थांबते ना?

मंदार: आपोआप नाही, इथेच बरेच जण अडकतात. Pending Actions → Response to Outstanding Demand मध्ये जाऊन मागणी मान्य नाही असं नोंदवा आणि कारण म्हणून दुरुस्तीचा अर्ज केल्याचं लिहा. ती तशीच पडून राहिली तर ३० दिवसांनंतर महिना १ टक्का व्याज चढतं आणि पुढच्या वर्षी परतावा निघाला तर त्यातून वळती करू पाहतात.

रोहन, डी-२०१: मंदारदादा, अर्जाला मुदत किती?

मंदार: भरपूर आहे. सूचना ज्या आर्थिक वर्षात निघाली ते संपल्यापासून चार वर्षं. अर्ज आला त्या महिन्याच्या अखेरीपासून सहा महिन्यांत त्यांनी निकाल द्यायचा असतो. पण सूचनेविरुद्ध अपील करायला ३० दिवसच मिळतात आणि दुरुस्तीचा अर्ज टाकला म्हणून ते थांबत नाहीत. काकांचं प्रकरण सरळ आहे, अपिलाची वेळ यायला नको. तरी तारीख डोळ्यांसमोर असू द्या.

सेक्रेटरी: मंडळी, चर्चा उत्तम आहे, पण टाकीच्या सफाईचा निरोप वर गेला. उद्या दुपारी पाणी बंद, भरून ठेवा.

कुलकर्णीकाका: मंदार, अर्ज गेला, ई-व्हेरिफायही झालं. मागणी मान्य नाही असं नोंदवलं. दोन्ही पोचपावत्या उतरवून घेतल्या आणि कॅलेंडरवर ११ फेब्रुवारीला लाल गोल केला.

मंदार: झकास. नवा आदेश आला की तोही आधी दोन रकान्यांतच वाचा. ८०टीटीबीपुढे ५०,००० दिसले की बाकीचं आपोआप जुळेल.