उत्तर: पाटीवरचा हेड आधी बघा

> फोटो टाकलाय. टाकीत पाणी चढवणारी जुनी 1 एचपीची मोटर जळली, दुकानदार म्हणतो दीडची घ्या. घेऊ का?

पाटीवर 0.75 किलोवॅट म्हणजेच 1 एचपी, 230 व्होल्ट, सिंगल फेज आहे. 415 व्होल्ट असतं तर थ्री फेज. खरी गोष्ट खालच्या ओळीत आहे: हेड, म्हणजे मोटर पाणी किती उंच चढवते ते, 10 ते 28 मीटर. खालच्या टाकीतल्या पाण्यापासून वरच्या टाकीच्या तोंडापर्यंत उंची मोजा. तीन मजल्यांना साधारण 12 मीटर, पाइप-बेंडचे 2-3 धरा, झाले 15. म्हणजे 1 एचपी पुरेशी. उगाच दीडची, जास्त हेडची बसवलीत तर ती कमी उंचीवर जास्त पाणी फेकते, अँपिअर वाढतात आणि वाइंडिंग जळतं. जुनीचं तेच झालं नाही ना, तेही तपासा.