मदत हवी आहे: हेल्मेटचा आयएसआय नंबर ॲपमध्ये टाकला तर वायरची कंपनी आली!

पाऊसवेडी: भाच्यासाठी ऑनलाइन हेल्मेट बघतेय, तो आता रोज बाईकवर जाणार म्हणून जरा काळजीनेच बघतेय. एक आवडलं, नावातच "आयएसआय, डॉट, सीई सर्टिफाइड" असं सगळं लिहिलंय. फोटोत मागे स्टिकर दिसतो, वर IS 4151, मध्ये आयएसआयचं चिन्ह, आणि खालचा CM/L नंबर मुद्दाम केल्यासारखा धूसर. विक्रेत्याला विचारलं तर त्याने नंबर पाठवला, तो BIS Care ॲपमध्ये टाकला तर लायसन चालू आहे असं आलं पण प्रॉडक्ट पीव्हीसी वायर आणि कंपनीही भलतीच. विक्रेता म्हणतो ॲप अपडेट नसतं. असं होतं का खरंच? घ्यावं का?

गड_भटक्या: लायसन चालू दाखवतंय ना, मग झालं. आणि सीई पण आहे म्हणजे युरोपचं टेस्टिंग, ते आपल्यापेक्षा कडक असतं. मी तर हातात घेऊन वजन बघतो, जड असेल तर माल चांगला.

जुना_तपासनीस: गड_भटक्या, लायसन खरं आहे हे बरोबर, पण ते वायरवाल्याचं आहे. CM/L नंबर एका कारखान्याला एका स्टँडर्डसाठी मिळतो, त्यामुळे दुसऱ्या कोणाचा चालू नंबर उचलून छापला की ॲपमध्ये काहीतरी उघडतंच आणि लोक "चालू आहे" एवढंच वाचून थांबतात. पाऊसवेडी, Verify Licence Details मध्ये नंबर टाकल्यावर तीन गोष्टी जुळवा: स्टँडर्ड IS 4151 आहे का, कंपनीचं नाव-पत्ता हेल्मेटवर छापलेलाच आहे का, आणि लायसनमध्ये लिहिलेल्या ब्रँडमध्ये तुमचा ब्रँड आहे का. तिसऱ्याकडे फार कोणी बघत नाही. IS 2925 दिसलं तर चिन्ह खरं असूनही उपयोग नाही, ते कारखान्यात, बांधकामावर घालायचं हेल्मेट. तुमच्या बाबतीत पहिल्याच गोष्टीला गाडी अडली, ॲप अपडेट नसल्याने हेल्मेटची वायर होत नाही. घेऊ नका.

सीईचं म्हणाल तर युरोपात बाईकच्या हेल्मेटला सीई नसतंच मुळी. तिथे हनुवटीच्या पट्ट्याला शिवलेल्या लेबलवर गोलात E आणि एक आकडा असतो, E4 म्हणजे मंजुरी नेदरलँडची. सीई येतं सायकलच्या हेल्मेटला, सोबत EN 1078 असं लिहिलेलं असतं. म्हणून बाईकच्या हेल्मेटवर सीईची जाहिरात दिसली की मला उलट शंका येते. डॉट म्हणजे अमेरिकेतला नियम, पण तिथे उत्पादक स्वतःच जाहीर करतो की माल नियमात बसतो, सरकार आधी तपासून मंजुरी देत नाही. आणि वजनावरून काही कळत नाही. आतला अस्तर थोडा सरकवून बघा, थर्माकोलसारखा घट्ट जाड थर हवा, नुसता स्पंज असेल तर धक्का सरळ डोक्याला.

चहा_दोनदा: माझ्या मोबाईलच्या चार्जरवर आयएसआय कुठेच नाही, म्हणजे तोही नकलीच ना? इतके दिवस वापरतोय!

जुना_तपासनीस: नाही हो, चार्जरला आयएसआय नसतो, त्याची नोंदणी वेगळी, त्यावर R- ने सुरू होणारा नंबर असतो. ॲपमध्ये त्याचा पर्यायही वेगळा आहे, CM/L च्या जागी टाकलात तर काहीच सापडणार नाही. इस्त्रीवर मात्र आयएसआयच बघायचा.

मोगरा_२: खेळण्यांचं पण असंच आहे, मुलीसाठी लाकडी ठोकळे मागवले, लिस्टिंगवर "BIS approved toy" मोठ्ठं लिहिलेलं, आलं तर खोक्यावर नंबर नाही की चिन्ह नाही, फक्त सीई. परत केले. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय सक्तीचा आहे ना? मग असं विकतातच कसं?

जुना_तपासनीस: सक्तीचा आहे. साध्या खेळण्यांना IS 9873, विजेवर चालणाऱ्यांना IS 15644. "approved" शब्द लिहिला आणि CM/L नाही तर तो दावा मी धरतच नाही. ॲपमध्येच तक्रार करता येते, लिस्टिंगचा आणि खोक्याचा फोटो दोन्ही जोडा.

गड_भटक्या: सीईचं माहीत नव्हतं, खरंच. पण एक सांगा, कोणी चांगल्या कंपनीचा हेल्मेटचाच नंबर आणि ब्रँड दोन्ही जसंच्या तसं छापलं तर? तीनही गोष्टी जुळणार की.

जुना_तपासनीस: हो, जुळतील. नंबरवरून लायसन कळतं, हातातलं हेल्मेट त्याच कारखान्यातून आलं की नाही ते कळत नाही. अशा वेळी मी कंपनीच्या स्वतःच्या साइटवर अधिकृत विक्रेत्यांत हे नाव आहे का बघतो, आणि बॅच नंबर, तारीख कंपनीला कळवून विचारतो. उत्तर दरवेळी येतंच असं नाही.

पाऊसवेडी: हे रद्द केलं, लिस्टिंगची तक्रार पण टाकली. आता दुसरं एक बघितलंय, स्टँडर्ड बरोबर, कंपनीही हेल्मेटचीच, पण लायसनमधल्या ब्रँडमध्ये हे नाव नाही. विक्रेता म्हणतो एकाच कारखान्यातून दोन ब्रँड निघतात. कंपनीला मेल केलाय, कोणाला असा अनुभव आहे का?