उरलेल्या गोळ्या आणि लघवीचा कल्चर
"घरात उरलेल्या दोन-चार गोळ्या घेतल्या तर फार तर गुण येणार नाही, नुकसान काय होणार?"

नुकसान तपासणीचे होते, आणि ते आमच्या घरी पंचवटीत गेल्या हिवाळ्यात घडले. सासूबाईंना लघवीला जळजळ होऊ लागली, तेव्हा आधीच्या आजारातल्या सेफिक्झिम या प्रतिजैविकाच्या २०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या डब्यात शिल्लक होत्या. त्या त्यांनी दोन दिवस सकाळ-संध्याकाळ घेतल्या. जळजळ कमी झाली, पण तिसऱ्या रात्री थंडी वाजून ताप आला आणि कंबरेच्या वर एका बाजूला दुखू लागले. लघवीच्या साध्या तपासणीत पू-पेशी भरपूर दिसल्या, लघवीतले जंतू वाढवून पाहणाऱ्या कल्चरमध्ये मात्र त्यांची वाढच झाली नाही. औषधाचा अंश लघवीत उतरलेला असल्यामुळे जंतू पूर्ण मेले नसले तरी प्रयोगशाळेच्या बशीत वाढू शकत नाहीत, आणि ते वाढले नाहीत तर त्यांच्यावर कोणते प्रतिजैविक चालेल हे तपासताच येत नाही. डॉक्टरांना अंदाजाने इंजेक्शन सुरू करावे लागले.

त्यातही सासूबाईंनी त्या गोळ्यांचा उल्लेख केला नव्हता (रागावतील म्हणून!), त्यामुळे तो रिकामा अहवाल आधी सगळ्यांनाच कोड्यात टाकून गेला. रिकामे पाकीट दाखवल्यावर त्याचा अर्थ लागला. म्हणून लघवीचा नमुना पहिल्या गोळीच्या आधी द्यावा. गोळी घेतलीच असेल, तर तिचे नाव, मात्रा आणि शेवटची वेळ डॉक्टरांना व प्रयोगशाळेलाही सांगावी.