मदत हवी आहे : दिवसा जुळणारे भिंत आणि पडदे रात्री वेगळ्या रंगांचे का दिसतात?

अपर्णा_सातारा :
नमस्कार. दिवाणखान्याची एक भिंत आम्ही करड्या छटेच्या निळ्या रंगात रंगवून घेतली आणि त्याच छटेचे सुती पडदे शिवून घेतले. कापडाचा तुकडा भिंतीला लावून, खिडकीच्या उजेडात पाहूनच निवड केली होती, आणि आजही दुपारी दोन्ही रंग एकच वाटतात. संध्याकाळी ३००० केल्विनचे एलईडी बल्ब लावले की मात्र भिंत हिरवट करडी दिसते आणि पडदे जांभळट. पिवळसर उजेडात सगळेच रंग थोडे बदलणार हे समजते. पण एकच उजेड दोन्हींवर पडत असताना एक रंग हिरव्याकडे आणि दुसरा जांभळ्याकडे का झुकावा? बल्ब बदलून हे सुटेल, की पडदेच बदलावे लागतील?

दिवाकर_एम :
३००० केल्विनच्या उजेडात निळ्याचा वाटा कमी असतो, म्हणून निळ्या वस्तू मंद दिसतात. केल्विनचा आकडा जितका मोठा, तितके रंग खरे. ६५०० चे बल्ब लावावेत, प्रश्न मिटेल.

स्वयंपाकघर४२ :
आमच्या ओट्यावर ६५०० चीच ट्यूब आहे, तरी टोमॅटो आणि लाल तिखट तिच्याखाली तपकिरी दिसते. बाहेर गॅलरीत नेले की तेच तिखट लालभडक! मग आकडा मोठा असून उपयोग काय? मी कोणती ट्यूब घ्यावी?

रंगपेढी :
मी कापड रंगवण्याच्या कारखान्यात छटा जुळवण्याचे काम करतो, त्यामुळे ही तक्रार माझ्या रोजच्या परिचयाची आहे. दिवाकरराव, निळ्याबद्दल आपले म्हणणे बरोबर आहे, परंतु केल्विनच्या आकड्यावरून उजेड पिवळसर की निळसर एवढेच कळते. त्यात कोणते रंग किती आहेत, हे कळत नाही. ओट्यावरच्या ट्यूबमध्ये बहुधा गडद लाल प्रकाश कमी आहे. उजेडात रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडा म्हणजे सी.आर.आय.; तिथे खोक्यावर तो ९० किंवा अधिक लिहिलेली ट्यूब पाहावी. नेहमीचा सी.आर.आय. आठ फिकट नमुन्यांवरून काढतात आणि त्यांत गडद लाल नसतो, म्हणून गडद लालासाठीचा ‘आर ९’ हा आकडा दिला असेल तर तोही पाहावा.

अपर्णाताईंचा प्रश्न वेगळा आहे. भिंतीचा रंग आणि कापडाचा रंग निरनिराळ्या द्रव्यांचे असतात. कापडाचे अनेक निळे रंग निळ्याबरोबरच अगदी टोकाचा लाल प्रकाशही बराच परत पाठवतात; भिंतीच्या रंगातले नेहमीचे निळे द्रव्य तसे करत नाही. दुपारच्या उजेडात निळा भरपूर असल्याने ही लाल शेपटी झाकली जाते. उबदार बल्बमध्ये निळा घटतो, लालाचा वाटा वाढतो आणि पडदा जांभळट होतो. म्हणूनच आम्ही प्रत्येक नमुना छटा तपासायच्या पेटीतल्या निदान दोन दिव्यांखाली पाहतो : एक ६५०० च्या आसपासचा, दुसरा जुन्या तारेच्या बल्बसारखा.

ताई, घरात तारेचा जुना पिवळा बल्ब असेल तर बाकी दिवे बंद करून, डोळे त्या उजेडाला सरावू देऊन, तुकडा भिंतीला लावून पाहा. मोबाईलच्या फोटोवर विसंबू नका. कॅमेरा रंग आपोआप सुधारतो. त्या बल्बखाली दोन्ही जुळले तर दोष एलईडीचा. न जुळले तर रंगद्रव्यांचा.

अपर्णा_सातारा :
माळ्यावर तसा एक बल्ब सापडला. त्याखाली फरक कमी होण्याऐवजी वाढलाच. पडदा चक्क वांगी रंगाचा दिसतो.

रंगपेढी :
मग निदान झाले. तारेच्या बल्बचा सी.आर.आय. जवळजवळ १०० असतो, तरीही रंग फुटले. म्हणजे महागडा, जास्त सी.आर.आय.चा ३००० केल्विनचा बल्ब आणून उपयोग होणार नाही. त्यात गडद लाल अधिक असल्यामुळे जांभळटपणा उलट वाढण्याचीच शक्यता आहे. ४००० केल्विनचा एकच बल्ब आणून पाहा. फरक कमी होईल, पूर्ण जाईल असे मात्र मी सांगणार नाही.

दिवाकर_एम :
म्हणजे ६५०० ला आणखी कमी होईल. माझे म्हणणे तेच होते.

रंगपेढी :
या जोडीपुरते ते बहुधा खरे ठरेल, कारण ती दिवसाच्या उजेडात जुळवलेली आहे. पण तेवढ्यासाठी बसायच्या खोलीत रात्री निळसर पांढरा उजेड चालेल का, हे घरच्यांनी ठरवायचे.

अपर्णा_सातारा :
सासूबाईंना पांढरा उजेड सोसत नाही. पडद्यांवर ४००० चा आणि बसण्याच्या बाजूला ३००० चा, असे चालेल का?

रंगपेढी :
शक्यतो नको. डोळा एका वेळी एकाच उजेडाला पांढरा मानून सरावतो. दोन शेजारी आले की ३००० ची बाजू पिवळी आणि ४००० ची निळसर वाटते, आणि त्याच भिंतीवर मधोमध छटा बदललेली दिसते. उजेड पिवळाच ठेवायचा असेल तर पडदे बदलणे बरे, आणि नव्या कापडाचा तुकडा या वेळी दुपारी खिडकीपाशी आणि रात्री त्याच बल्बखाली, दोन्ही वेळा भिंतीला लावून पाहा.